दिवाळी कोणत्या महिन्यात होती?

जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये खोटा आकडा जवळजवळ कधीच नसतो. मी ज्या कंपनीत काम करतो ती जाहिरात एजन्सींसाठी डॅशबोर्ड बनवते. मेटा, गूगल वगैरेंकडून आकडे ओढून आणायचे, एकत्र करायचे आणि एजन्सीने बटण दाबलं की क्लायंटला पाठवण्याजोगी पीडीएफ तयार करून द्यायची, एवढंच आमचं काम. या कामात असे शेकडो रिपोर्ट नजरेखालून गेले आणि आकडा हाताने बदललेला एकही सापडला नाही. त्याची गरजच पडत नाही. डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात तारखा निवडायची एक छोटी चौकट असते. सगळ्यात जास्त वेळा दाबली जाणारी जागा तीच. कोणती तारीख ते कोणती तारीख, आणि तुलना कशाशी, हे दोन निर्णय तिथे होतात. ते झाले की उरलेला रिपोर्ट आपोआप खरा आणि आपोआप फसवा, दोन्ही होऊ शकतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण दिवाळीच्या फराळाचं आहे.

आईच्या एक मैत्रीण आहेत, मी त्यांना मावशी म्हणतो. पुण्यात घरून फराळ करून विकतात. वर्षभर थोडंफार मेतकूट, भाजणी, लाडू चालू असतं, पण खरा धंदा दिवाळीचा. वेबसाइट आहे, व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतात, जुनी गिऱ्हाइकं फोन करतात. २०२३ पर्यंत जाहिराती त्यांचा भाचा हौसेने लावून द्यायचा. २०२४ साली त्यांनी पहिल्यांदा एका एजन्सीला काम दिलं. नोव्हेंबरच्या मध्यावर एजन्सीचा बारा पानांचा रिपोर्ट आला आणि त्याच्या पहिल्याच पानावर हिरव्या बाणासकट लिहिलं होतं : ऑक्टोबर २०२३ च्या तुलनेत ऑर्डरमध्ये २४३ टक्के वाढ. सोबत पुढच्या वर्षासाठी प्रस्ताव होता, बजेट दुप्पट करण्याचा.

मावशी त्या भरात स्वयंपाकासाठी एक गाळा भाड्याने बघून आल्या होत्या आणि मुद्रा कर्जाचा अर्जही आणून ठेवला होता. मला बोलावलं ते अर्ज ऑनलाइन भरायला. पण त्यांना एक शंका होती. "तू या कंप्युटरातला आहेस म्हणून विचारते. २४३ टक्के म्हणजे तिपटीहून जास्त ना रे? मग भाजणी गेल्या वर्षीइतकीच कशी दळली गेली?"

पुढचं सगळं या प्रश्नातूनच निघालं. आधी त्यांच्या ऑर्डरच्या वह्या घेऊन बसलो. त्या दर दिवसाला पान करतात, त्यामुळे काम सोपं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २१० ऑर्डर होत्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ७२०. म्हणजे २४३ टक्के वाढ हा आकडा गणिताने अगदी बरोबर होता. मग नोव्हेंबर बघितला. २०२३ मध्ये ५६० आणि २०२४ मध्ये ११०. एजन्सीच्या रिपोर्टमध्ये नोव्हेंबर नव्हताच.

भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं तरी कळलं असतं. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होतं. फराळाची बहुतेक खरेदी लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या दोन आठवड्यांत होते. २०२३ मध्ये त्यातले बरेच दिवस नोव्हेंबरमध्ये पडले, २०२४ मध्ये सगळेच्या सगळे ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करताना एका बाजूला दिवाळीची गर्दी होती आणि दुसऱ्या बाजूला निम्मा महिना रिकामा. एजन्सीने एक पैसाही खर्च केला नसता तरी हिरवा बाण दिसलाच असता.

योग्य तुलना करायची तर इंग्रजी महिना सोडून सणापासून दिवस मोजायचे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंतचे अठ्ठावीस दिवस मी घेतले. अठ्ठावीस यासाठी की त्यात पूर्ण चार आठवडे येतात, दोन्ही वर्षांना चारच शनिवार आणि चारच रविवार मिळतात. २०२३ साठी १५ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर, २०२४ साठी ४ ते ३१ ऑक्टोबर. वहीतून बेरीज केली तर पहिल्या वर्षी ६४० आणि दुसऱ्या वर्षी ६८५ ऑर्डर. वाढ सात टक्के. पडताळा म्हणून दोन्ही महिने एकत्र घेतले, तर ७७० च्या जागी ८३०, म्हणजे आठ टक्क्यांच्या जवळ. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तेच उत्तर आलं की जरा भरवसा वाटतो. आणि भाजणीचंही कोडं सुटलं. गिरणीतली पोती खरं तेच सांगत होती.

इथे थांबून सात टक्के वाढ झाली असं म्हणणंही मला घाईचं वाटतं. ऑर्डर या प्रकारच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने किती वरखाली होऊ शकतं याचा एक ढोबळ अंदाज वर्गमूळाने मिळतो. ६४० चं वर्गमूळ सुमारे २५. दोन वर्षांमधला फरक बघताना दोन्हीकडचा योगायोग धरावा लागतो, तो साधारण ३६ ऑर्डरचा होतो. आपला फरक आहे ४५. म्हणजे जाहिरात, भाव, चव, काहीही न बदलता एवढा फरक पडणं अगदी नेहमीचं नसलं तरी नवलाचंही नाही. त्यात एखाद्या ऑफिसने एकदम पंधरा डबे मागवले असतील तर योगायोग आणखी वाढतो. या आकड्यांवरून प्रामाणिकपणे एवढंच लिहिता येतं की विक्री गेल्या वर्षीइतकी किंवा किंचित जास्त झाली.

आता एजन्सीने मुद्दाम ऑक्टोबर निवडला का? मला तसं वाटत नाही, आणि हेच जास्त त्रासदायक आहे. डॅशबोर्डवर 'गेला महिना' आणि 'मागच्या वर्षीचा तोच काळ' असे तयार पर्याय असतात. तिथल्या पोराने ते दाबले असतील, हिरवा बाण आला असेल आणि त्याने पुढचं पान उघडलं असेल. बाण लाल आला असता तर मात्र तो थांबला असता, मग "अरे, दिवाळी या वेळी लवकर होती" हे त्याला आठवलं असतं आणि तारखा नीट जुळवल्या गेल्या असत्या. वाईट आकडा आला की कारण शोधायचं, चांगला आला की छापायचा. यात कुणीच खोटं बोलत नाही. कॅलेंडर मात्र दरवर्षी एजन्सीला एक हिरवा बाण देतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरची तुलना वाईट दिसेल आणि नोव्हेंबरची झकास.

सण नसतानाही हे करता येतं हे मावशींना पटेना, म्हणून लॅपटॉपवर एक खेळ करून दाखवला. एक काल्पनिक दुकान घ्यायचं, जिथे रोज सरासरी वीस ऑर्डर येतात आणि त्यात कधीच काही बदल होत नाही, नुसता रोजचा योगायोग. असे नव्वद दिवस तयार करायचे. मग सलग कुठलेही सात दिवस आणि त्यानंतरचे सात दिवस अशी प्रत्येक जोडी तपासून सगळ्यात जास्त 'वाढ' दाखवणारी जोडी उचलायची. खेळ पुन्हा पुन्हा चालवला तर ही सर्वोत्तम वाढ बहुतेक वेळा वीस ते चाळीस टक्क्यांच्या मधली निघते. ठप्प दुकानात! रिपोर्टमध्ये सातच दिवसांची तुलना दिसली, आणि ते सात दिवस महिन्याच्या अधल्यामधल्या तारखेला सुरू होत असले, तर ही जोडी कशी निवडली असा प्रश्न विचारायलाच हवा.

याचीच उलटी चाल नव्या एजन्सी गिऱ्हाईक मिळवताना खेळतात, कधी जाणून, कधी नकळत. गूगल ॲड्समध्ये एखादी खरेदी ज्या दिवशी झाली त्या दिवसाखाली मांडली जात नाही, ज्या दिवशी जाहिरातीवर क्लिक झालं त्या दिवसाखाली जाते. क्लिकनंतर तीस दिवसांपर्यंत झालेली खरेदी त्यात धरायची अशी मूळ सेटिंग असते. म्हणजे कालच्या क्लिकची खरेदी अजून व्हायचीच असते. त्यामुळे शेवटचा आठवडा नेहमीच आधीच्या आठवड्यापेक्षा पडलेला दिसतो आणि पुढे हळूहळू भरत जातो. नवी एजन्सी 'मोफत ऑडिट' करून दाखवते की बघा, तुमच्या गेल्या सात दिवसांत केवढी घसरण आहे. काम मिळाल्यावर तोच आठवडा भरून वर येतो आणि श्रेयही मिळतं. हे ओळखायचं तर एकच रिपोर्ट दहा दिवसांनी त्याच तारखांसाठी पुन्हा काढायचा. आकडे बदलले असतील तर पहिला रिपोर्ट अर्धाकच्चा होता. गूगलमध्ये `Conversions (by conv. time)` असा वेगळा रकाना आहे, तो खरेदीच्या तारखेप्रमाणे मांडतो. क्लायंटच्या वहीशी ताळा करायचा तर तोच घ्यावा.

मावशींच्या रिपोर्टची उरलेली अकरा पानं मी भराभर उलटली. १८ लाख इम्प्रेशन्स. म्हणजे जाहिरात तेवढ्या वेळा पडद्यावर आली. एकाच बाईला दहा वेळा दिसली तर ती दहा मोजली जाते. हा आकडा मुख्यतः किती पैसे खर्च केले तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. त्याखाली ४१ हजार क्लिक. मावशी या आकड्यापाशी अडल्या होत्या. एवढी माणसं दुकानात आली आणि घेतलं इतक्या थोड्यांनी, म्हणजे आपला भाव जास्त आहे की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. भाव कमी करायचाही विचार चालला होता.

मेटाच्या रकान्यांची नावं नीट वाचली तर हा घोळ सुटतो. रिपोर्टमध्ये घेतलेला रकाना होता `Clicks (all)`. त्यात लाइक, कॉमेंट, फोटो मोठा करून बघणं, पानाच्या नावावर टिचकी मारणं, सगळं येतं. चकलीच्या फोटोला अंगठा दाखवणारी माणसंही त्यात होती. `Link clicks` बघितले तर १४,५०० निघाले. आणि `Landing page views`, म्हणजे क्लिक करून वेबसाइटचं पान खरोखर उघडेपर्यंत थांबलेले, ९,२००. एकाच घटनेचे तीन आकडे, आणि रिपोर्टमध्ये आला तो सगळ्यात मोठा. भाव जास्त होता की नाही ते मला माहीत नाही, पण ४१ हजारांवरून तो ठरवणं धोक्याचं होतं. फुगलेल्या आकड्याने क्लायंट खूश होतो एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तो त्याच आकड्यावरून आपल्या मालाबद्दल चुकीचे निष्कर्ष काढत बसतो.

सगळ्यात आवडीचं पान शेवटचं. मेटाच्या जाहिरातींमुळे ४३० ऑर्डर आणि गूगलमुळे ३७०, एकूण ८००. एका ऑर्डरचे सरासरी १,२०० रुपये धरून ९ लाख ६० हजारांची विक्री, जाहिरातीचा खर्च दीड लाख, म्हणून प्रत्येक रुपयामागे ६.४ रुपये परत. त्या महिन्यात मावशींच्या वहीत सगळ्या मिळून ऑर्डरच ७२० होत्या. त्यातल्या २६० तर फोन आणि व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या.

हे कसं होतं? कुणी इन्स्टाग्रामवर जाहिरात बघितली, दुसऱ्या दिवशी गूगलवर मावशींच्या ब्रँडचं नाव टाकलं, वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि डबा मागवला. मेटा म्हणतं माझ्यामुळे, गूगल म्हणतं माझ्यामुळे, आणि दोघं एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. मेटाची मूळ सेटिंग अशी की क्लिक केल्यावर सात दिवसांत किंवा नुसती जाहिरात दिसल्यावर एका दिवसात खरेदी झाली तरी ती आपली धरायची. दर वर्षी घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला खरेदीच्या आदल्या दिवशी जाहिरात दिसली असेल तर तेही मेटाच्या खात्यात. आणि ब्रँडचं नाव टाकून शोधणारा माणूस जाहिरात नसती तरी खालच्या फुकटच्या लिंकवरून आला असता. ईबेवर याचा मोठा प्रयोग झालेला आहे. टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती बंद करून बघितल्या, तर गेलेले जवळपास सगळे क्लिक फुकटच्या निकालांमधून परत आले. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मावशींच्या गूगलच्या ३७० मधल्या किती ऑर्डर त्यांच्याच नावाच्या शोधातून आल्या, हे रिपोर्टमध्ये वेगळं दाखवलेलंच नव्हतं.

यावर सोपा उपाय एकच. प्लॅटफॉर्मच्या दाव्यांची बेरीज आणि क्लायंटच्या वहीतला आकडा, दोन्ही एकाच ओळीत शेजारी छापायचे. ८०० आणि ७२०. पुढे काही लिहायची गरज पडत नाही.

खर्चाचंही तसंच. रिपोर्टमधल्या दीड लाखात एजन्सीची ३० हजारांची फी आणि दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी नव्हता. मावशींना तो जीएसटी परत मिळत नाही. सगळं धरून २ लाख १२ हजार ४०० रुपये गेले होते. भाच्याच्या काळात करासकट ६० हजार जायचे. म्हणजे सुमारे दीड लाख रुपये जास्त खर्च करून ४५ ऑर्डर जास्त मिळाल्या, त्याही योगायोगाच्या टप्प्यातल्या. सामान, डबे आणि कुरियर वजा जाता एका डब्यामागे चारशे रुपये उरतात. १८ हजार झाले.

एजन्सीची बाजू इथे मांडायला हवी, कारण ती खरी आहे. "जाहिराती केल्या नसत्या तर ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा कमी झाल्या असत्या," असं त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, आणि गेल्या वर्षीशी तुलना करून हे खोडता येत नाही. ते तपासायचं तर काही ठिकाणी जाहिरात बंद ठेवून बघावं लागतं, उदाहरणार्थ नाशिकमध्ये बंद आणि पुण्यात चालू. पण नाशिकच्या ऑर्डरच साठेक. त्यात वर्षावर्षातला योगायोगच दहा-अकरा ऑर्डरचा. जाहिरातीमुळे पंधरा टक्के फरक पडत असला तरी तो या गोंगाटात दिसणार नाही. मोठ्या कंपन्यांना हा प्रयोग परवडतो, मावशींना त्यातून फार काही कळलं नसतं. लहान धंद्यासाठी फोनवर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" असं विचारून वहीत एक खूण करणं जास्त उपयोगी. लोक चुकीचं आठवून सांगतात, हे धरूनही.

२०२५ साठी मावशींनी त्याच एजन्सीला काम दिलं, पण एक पान आधी लिहून घेतलं. जुलैमध्ये, म्हणजे एकही आकडा यायच्या आधी. त्यात होतं : तारखा २३ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर; तुलना २०२४ च्या ४ ते ३१ ऑक्टोबरशी; ऑर्डर मावशींच्या वहीतल्या; खर्च फी आणि करासकट; नवी गिऱ्हाइकं वेगळी मोजायची; रिपोर्ट दिवाळी संपल्यावर तीन आठवड्यांनी, म्हणजे उशिराचे आकडे भरल्यावर. इम्प्रेशन आणि क्लिक हवे तर शेवटच्या पानावर, एजन्सीला स्वतःच्या कामासाठी लागतात म्हणून. फरक तीसेक ऑर्डरच्या आत असेल तर 'गेल्या वर्षीइतकंच' असं लिहायचं, बाण काढायचा नाही. या शेवटच्या अटीवर एजन्सीचा माणूस जरा कुरकुरला. मग म्हणाला, "ठीक आहे, लाल बाणही नाही ना येणार मग." ते त्याला एकदम पटलं.

सगळा खर्च धरून बजेट ८० हजारांवर आणलं. ऑर्डर ६५५ झाल्या. ६८५ वरून ६५५, फरक तीस. रिपोर्ट दीड पानाचा होता आणि त्यात लिहिलं होतं, गेल्या वर्षीइतकंच.

गाळा घेतला नाही. कर्जाचा अर्ज कपाटात आहे. मावशींनी एक मोठी शेगडी घेतली आणि दोन बायकांना महिनाभर कामाला ठेवलं, पोत्यांच्या हिशेबाने तेवढंच लागत होतं. २०२६ चं कॅलेंडर आलं तेव्हा त्यांनी ११ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या तारखांखाली पेनाने रेघ ओढली आणि समासात लिहून ठेवलं, भाजणी किती किलो?